रिकामी भट्टी आणि चालू मीटर : बुलढाणा जिल्ह्यातील लहान बेकरी व कारखान्यांच्या ऊर्जाखर्चाचा आढावा

बुलढाणा जिल्ह्यातील लहान उत्पादन-व्यवसायांकडे पाहताना खामगाव, मलकापूर आणि चिखली येथील औद्योगिक वसाहतींतील कारखाने प्रथम नजरेस येत असले, तरी तालुक्याच्या प्रत्येक गावी आढळणारी बेकरी, शेती-अवजारांची वेल्डिंगची दुकाने, लेथची वर्कशॉप आणि खामगावच्या चांदी-व्यवसायातील मुशीवर चालणाऱ्या कार्यशाळा हाही याच व्यवहाराचा मोठा भाग होय. या सर्वांच्या खर्चात कच्चा माल आणि मजुरी यांच्या पाठोपाठ ऊर्जेचा वाटा येतो; आणि कच्च्या मालाचा दर बाजार ठरवतो, मजुरीचा दर प्रचलित रीत ठरवते, तर ऊर्जेचा निदान वापर तरी मालकाच्या हातात असतो. प्रस्तुत आढाव्यात बेकरीचा विचार विस्ताराने केला आहे, कारण इंधन आणि वीज या दोन्ही बाबी तिच्यात एकत्र येतात. वर्कशॉपचा विचार जिथे त्याचे प्रश्न वेगळे पडतात तेवढ्यापुरता केला आहे.

ऊर्जा वाचवण्याचे मार्ग साधारणपणे तीन प्रकारांत मोडतात : कामाच्या वेळा बदलणे, असलेल्या साधनांची निगा राखणे आणि जुनी साधने काढून कार्यक्षम साधने बसवणे. विक्रेत्यांच्या पत्रकांत तिसरा मार्ग पहिल्या क्रमांकावर असतो, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण वेळापत्रक विकता येत नाही. प्रत्यक्ष हिशेब मांडला असता मात्र क्रम बहुतांशी उलटा निघतो.

हा हिशेब मांडण्यासाठी लाकडावर चालणाऱ्या विटांच्या भट्टीचे उदाहरण घेता येईल. अशा भट्टीत लाकूड भाजणीच्या पोकळीतच जाळले जाते, विटांचा तळ आणि घुमट तापला की निखारे बाजूला सारून किंवा बाहेर काढून तळ ओल्या फडक्याने पुसला जातो, आणि मग लांब दांड्याच्या फळीने पावाचे साचे आत सरकवले जातात. म्हणजे पाव ज्वाळेवर भाजला जात नाही, विटांनी साठवलेल्या उष्णतेवर भाजला जातो. या साठवणीमुळेच भट्टीचा खर्च दोन भागांत विभागलेला असतो. एक भाग मालाच्या वजनाबरोबर कमी-जास्त होतो, आणि दुसरा भाग माल थोडा असो वा भरपूर, भट्टी तापवण्यापुरता लागतोच. पहिल्याला चल इंधन आणि दुसऱ्याला स्थिर इंधन म्हणता येईल.

हे दोन भाग वेगळे करण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. वजनकाटा आणि वही पुरते. समजा, एका बेकरीत ज्या दिवशी ८० किलो मैदा लागला त्या दिवशी ४८ किलो लाकूड जळाले, आणि ज्या दिवशी १२० किलो मैदा लागला त्या दिवशी ५६ किलो लाकूड जळाले. चाळीस किलो मैदा वाढला तेव्हा लाकूड केवळ आठ किलोने वाढले, म्हणजे एक किलो मैद्यामागे प्रत्यक्षात २०० ग्रॅम लाकूड पुरते. ८० किलोंसाठी त्या प्रमाणात १६ किलो लागायला हवे होते, आणि उरलेले ३२ किलो हे स्थिर इंधन ठरते. दोन दिवसांवरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल, म्हणून महिनाभराच्या नोंदींतून हाच हिशेब करावा. परंतु विटांच्या भट्टीच्या बाबतीत एकूण लाकडाचा निम्म्याहून अधिक भाग स्थिर निघाला, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

भाजणीला मुळात किती उष्णता लागते, हे याच्या शेजारी ठेवून पाहावे. १०० किलो मैद्यापासून सुमारे १६० किलो कणीक तयार होते. ती तीस अंशांवरून शंभर अंशांच्या जवळ नेणे आणि तिच्यातील साधारण दहावा भाग पाण्याची वाफ करणे, एवढेच भाजणीचे भौतिक काम असते, आणि त्यासाठी विजेच्या मापात सांगायचे तर सुमारे २० युनिट उष्णता पुरते. वरच्याच बेकरीत १०० किलो मैद्यामागे ५२ किलो लाकूड जळते. चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण ४.२ युनिट उष्णता असते, म्हणजे भट्टीत २१८ युनिट घातली जातात आणि त्यांतील २० मालात उतरतात. कार्यक्षमता नऊ टक्के. उरलेली एक्क्याण्णव टक्के उष्णता धुराड्यातून, तोंडातून, भिंतींतून आणि रात्री थंड होत जाणाऱ्या विटांतून निघून जाते.

याच ठिकाणी वेळापत्रकाचा प्रश्न येतो. पावाला साधारण २३० ते २५० अंश तापमान लागते, खारीला त्याहून कमी, नानखटाई आणि बिस्किटांना १७० ते १८० अंश, आणि टोस्ट वाळवण्याचे काम शंभर-सव्वाशे अंशांवरही होते. भट्टी एकदा पूर्ण तापवून मालाचा क्रम तापमानाच्या उतरत्या भाजणीने लावला, म्हणजे आधी पाव, मग खारी, मग बिस्किटे आणि शेवटी झाकण लावून रात्रभर टोस्ट, तर एकाच जाळावर चार मालांचे काम निघते आणि शेवटच्या दोन मालांसाठी जवळपास वेगळे लाकूड लागत नाही. जिथे सकाळी पाव, दुपारी भट्टी रिकामी आणि संध्याकाळी बिस्किटांसाठी पुन्हा जाळ अशी रीत असते, तिथे दुसऱ्या जाळाचे स्थिर इंधन उगीच खर्ची पडते. दुसऱ्या वेळी भट्टी कोमट असल्याने हे इंधन पहिल्याइतके नसते. ते १५ किलो धरले आणि लाकडाचा भाव किलोला सहा रुपये धरला, तर दिवसाला ९० रुपये आणि वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांत २७,००० रुपये होतात, तेही एक पैसा न गुंतवता.

या उपायाची मर्यादा तांत्रिक नाही, बाजाराची आहे. वडापाव आणि मिसळीच्या गाड्यांना संध्याकाळी ताजा पाव हवा असतो, आणि शेगावसारख्या ठिकाणी यात्रेकरूंच्या गर्दीच्या दिवशी मागणी दिवसभर वाहती राहते. अशा ठिकाणी दोन वेळा पाव भाजणे टळत नसेल, तर टाळण्याजोगी गोष्ट म्हणजे दोन जाळांमधील रिकामा काळ. पहिला पाव उशिरा आणि दुसरा लवकर घेऊन मध्ये बिस्किटांचा घाणा घालणे शक्य असते. साप्ताहिक सुटीचाही विचार याच अंगाने करावा लागतो, कारण थंड पडलेली भट्टी दुसऱ्या दिवशी अधिक लाकूड मागते. म्हणून सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी मालाचे प्रमाण मोठे ठेवणे श्रेयस्कर.

जिल्ह्याच्या भूगोलाचाही या वेळापत्रकाशी संबंध येतो. बुलढाणा, चिखली, मेहकर हा घाटावरचा भाग तुलनेने थंड, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा घाटाखालचा पूर्णेच्या खोऱ्यातला भाग उन्हाळ्यात अतिशय तापणारा आहे. यीस्टची क्रिया तापमान दहा अंशांनी वाढले की सामान्यतः दुपटीच्या आसपास वेगवान होते, त्यामुळे मे महिन्यात घाटाखाली कणीक हिवाळ्याच्या तुलनेत फारच लवकर फुगते. मिक्सरची वेळ हिवाळ्यातलीच ठेवली तर कणीक तयार आणि भट्टी अपुरी तापलेली अशी स्थिती येते, आणि मग भट्टी घाईने तापवण्यासाठी लाकूड अंदाधुंद घातले जाते. काळा दाट धूर हे त्याचे लक्षण होय, कारण अशा वेळी लाकडातून निघणारा ज्वलनशील वायू हवा न मिळाल्याने न जळताच धुराड्यातून जातो. ऋतूनुसार यीस्टचे प्रमाण कमी-जास्त करणे आणि उन्हाळ्यात थंड पाणी वापरणे ही चवीची बाब समजली जाते. ती इंधनाचीही बाब आहे.

देखभालीत पहिला विचार लाकडाच्या ओलाव्याचा करावा लागतो. लाकूड क्विंटलवर विकत घेतले जाते आणि ओल्या लाकडातील पाण्याचेही तेवढेच पैसे मोजावे लागतात. चाळीस टक्के ओलावा असलेल्या एका किलो बाभळीत जळणारा भाग ६०० ग्रॅमच असतो, आणि त्यातून निघणाऱ्या उष्णतेचा काही अंश उरलेल्या ४०० ग्रॅम पाण्याची वाफ करण्यातच जातो. परिणामी हाती सुमारे २.८ युनिट लागतात, तर पंधरा टक्के ओलाव्याच्या लाकडातून ४.२. एकाच भावाने दोन्ही घेतली तर ओले लाकूड दीडपट महाग पडते. ओळख सोपी आहे : वाळलेल्या ओंडक्याच्या टोकाला भेगा पडलेल्या असतात, दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यास खणखणीत आवाज येतो, आणि एक खूण केलेला तुकडा छपराखाली ठेवून दर आठवड्याला तोलला असता वजन घटायचे थांबले की तो वाळला असे समजावे. उन्हाळ्यात घेतलेले लाकूड फोडून, जमिनीपासून वर, हवेशीर छपराखाली रचून ठेवणे हा पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठीचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. कापसाच्या या मुलखात पऱ्हाटी आणि तुराटी विपुल मिळते, आणि पऱ्हाटीचा चुरा दाबून केलेल्या कांड्या, ज्यांना व्यापारात पांढरा कोळसा म्हणतात, त्या ओलाव्यात एकसारख्या असतात. मात्र त्या पावसात भिजल्या की भुसा होतात, आणि सुटी पऱ्हाटी भसकन जळून जात असल्याने विटा तापवण्याच्या कामी तिला सतत हात लावावा लागतो.

दुसरी बाब भट्टीच्या भिंतींची. बाहेरच्या भिंतीवर तळहात ठेवून धरवत नसेल, तर तिचे तापमान साठ अंशांच्या आसपास आहे असे समजण्यास हरकत नाही. पस्तीस अंशांच्या खोलीत अशी भिंत दर चौरस मीटरमागे सुमारे पाव किलोवॅटहून थोडी अधिक उष्णता सोडत राहते. १२ चौरस मीटर पृष्ठभाग दिवसरात्र तसाच राहिला तर चोवीस तासांत सुमारे ८० युनिट, म्हणजे किमान १९ किलो लाकूड, खोली तापवण्यातच जाते. वर मोजलेल्या ३२ किलो स्थिर इंधनाचा मोठा वाटा कुठे जातो याचे उत्तर इथे मिळते. घुमटावर कोरड्या राखेचा जाड थर देणे किंवा उष्णतारोधक लोकर, म्हणजे भट्ट्यांसाठी मिळणारे सिरॅमिक तंतूंचे अंथरूण, घालून वरून प्लास्टर करणे हे काम एका सुटीत होते. राख ओली झाली तर तिचा उपयोग संपतो, म्हणून छप्पर गळत असेल तर आधी ते दुरुस्त करावे लागते. भेगांतून धूर बाहेर येतो का, हे जाळ पेटवताना एकदा फिरून पाहिले की गळतीच्या जागा सापडतात. त्याबरोबर तोंडाला घट्ट बसणारे लोखंडी झाकण आणि धुराड्याला बंद करता येणारी झडप असावी, आणि निखारे काढल्यावर ती झडप खरोखर बंद केली जावी. झडप असूनही ती उघडी राहते, हा दोष भट्टीपेक्षा कामाच्या सवयीचा असतो. मात्र निखारे आत असताना झडप बंद करणे धोक्याचे आहे, कारण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू खोलीत साठतो.

डिझेल किंवा गॅसवर चालणाऱ्या रोटरी ओव्हनमध्ये, म्हणजे ट्रे लावलेली घोडी ज्यात फिरत राहते त्या ओव्हनमध्ये, हाच विचार वेगळ्या जागी लागू होतो. बर्नरचे नोझल अडले की ज्वाळा निळी न राहता पिवळी होते किंवा डिझेलचा काळा धूर निघतो, उष्णतावाहक नळ्यांवर काजळी बसते आणि तोच घाणा भाजण्यास अधिक मिनिटे लागू लागतात. भाजणीचा वेळ वाढत जाणे ही त्यामुळे पहिली सूचना समजावी. दाराची रबरी पट्टी कडक झाली असल्यास दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहावी. ती सहज निघाली तर तिथून गरम हवाही निघते.

आता इंधन बदलण्याचा प्रश्न. मुंबईत तो न्यायालयामार्फत आला : जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावरील भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. बुलढाण्यात तशी सक्ती नसली, तरी कोणते इंधन खरोखर स्वस्त हा हिशेब करून ठेवणे इष्ट आहे. उदाहरणादाखल लाकूड सहा रुपये किलो, व्यापारी गॅस ९५ रुपये किलो, डिझेल ९२ रुपये लिटर आणि सर्व आकार धरून वीज नऊ रुपये युनिट असे दर धरले, आणि प्रत्येक साधनाची कार्यक्षमता लक्षात घेतली, तर मालात उतरलेल्या एका युनिट उष्णतेची किंमत काढता येते. नऊ टक्के कार्यक्षमतेच्या भट्टीत लाकडाचे ते युनिट सुमारे १६ रुपयांना पडते. सलग भाजणीत पन्नास टक्के कार्यक्षमता देणाऱ्या गॅस ओव्हनमध्ये १५ रुपयांना. पासष्ट टक्क्यांच्या विजेच्या ओव्हनमध्ये १४ रुपयांना. आणि पंचेचाळीस टक्क्यांच्या डिझेल ओव्हनमध्ये २० रुपयांना. लाकूड स्वस्त आहे ही समजूत अशा रीतीने भट्टीच्या तोंडाशीच विरते. परंतु याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की वेळापत्रक, वाळलेले लाकूड आणि राखेचा थर यांनी भट्टीची कार्यक्षमता नऊवरून अठरा टक्क्यांवर गेली, तर तेच युनिट आठ रुपयांना पडते आणि नवा ओव्हन घेण्याचे आर्थिक कारण उरत नाही. धूर, कामगारांचे डोळे व फुप्फुसे आणि मालाचा एकसारखेपणा ही कारणे मात्र उरतात, आणि ती कमी महत्त्वाची नाहीत. वाचकाने दर आपल्या गावचे घालावेत. पद्धत बदलत नाही.

विजेच्या बाजूला येताना आधी बिल वाचणे भाग आहे, कारण वेळापत्रकाचा लाभ बिलाच्या प्रकारावर अवलंबून असतो. महावितरणच्या लघुदाब औद्योगिक दरांत २० किलोवॅटपर्यंतची जोडणी आणि त्यावरील जोडणी असे दोन वर्ग आहेत. लहान जोडणीला दरमहा ठरावीक स्थिर आकार असतो, तर मोठ्या जोडणीला मागणी आकार, म्हणजे महिन्यातील कोणत्याही क्षणी नव्हे तर ठरावीक मिनिटांच्या सरासरीत नोंदल्या गेलेल्या सर्वाधिक भारावर आधारित आकार, भरावा लागतो. दोन मिक्सर, ओव्हनचे हीटर आणि पाण्याचा पंप एकाच अर्ध्या तासात सुरू करण्याची सवय मोठ्या जोडणीला महिनाभर महागात पडते, आणि लहान जोडणीला तिचा काहीच फरक पडत नाही. उत्पादनाची जागा असूनही बिलावर व्यावसायिक वर्ग छापला असेल, तर व्यावसायिक दर औद्योगिक दरापेक्षा चढा असल्याने वर्गबदलाचा अर्ज हाच कदाचित त्या जागेतील सर्वांत मोठा ऊर्जा-उपाय ठरेल.

वेळेनुसार बदलणाऱ्या दराबाबत जुनी समजूत आता तपासून घ्यावी लागेल. महाराष्ट्रात अनेक वर्षे रात्री दहा ते सकाळी सहा ही सवलतीची वेळ होती, आणि रात्री कणीक मळणाऱ्या बेकरीला ती सोयीचीही होती. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीने दिशा बदलली : दहा किलोवॅटहून अधिक मागणी असलेल्या औद्योगिक व व्यावसायिक ग्राहकांसाठी सौर तासांत, म्हणजे सौर वीज मुबलक असते त्या दिवसाच्या तासांत, दर सामान्य दरापेक्षा किमान वीस टक्क्यांनी कमी आणि सर्वाधिक मागणीच्या वेळी किमान वीस टक्क्यांनी जास्त असावा, असे त्यात ठरले. सवलतीचे नेमके तास आयोगाच्या आदेशानुसार बदलत असल्याने ताज्या बिलावरील कोष्टकच प्रमाण मानावे. पाव मळण्याची वेळ यासाठी हलवता येत नाही. पण विजेच्या ओव्हनवर बिस्किटे व टोस्ट काढणे, साखर दळणे, पाणी चढवणे आणि वर्कशॉपमधील कापणी-वेल्डिंग ही कामे दुपारी घेता येतात. छतावरील सौर पॅनेलचा विचारही याच कारणाने रात्रपाळीच्या बेकरीपेक्षा दिवसा चालणाऱ्या वर्कशॉपला अधिक जमतो. आणि पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, कारखान्यासाठी नाही, हेही लक्षात ठेवावे.

मोटरच्या बाबतीत निर्णय तासांवर करावा. तीन अश्वशक्तीच्या जुन्या मोटरची कार्यक्षमता सुमारे ८० टक्के, तर आयई-३ या वरच्या श्रेणीच्या मोटरची सुमारे ८६.७ टक्के असते. पूर्ण भारावर यातून तासाला ०.२२ युनिट वाचते. बेकरीचा मिक्सर दिवसाला चार तास चालत असल्यास वर्षाकाठी साधारण २६० युनिट, म्हणजे वर धरलेल्या दराने तेवीसशे रुपये वाचतात, आणि त्यासाठी चालू मोटर काढून टाकणे परवडत नाही. दिवसाला बारा तास चालणाऱ्या मोटरला तोच बदल तिप्पट लाभ देतो. जुनी मोटर जळाली की ती पुन्हा गुंडाळून घेण्याऐवजी नवी घ्यावी का, हा प्रश्न मात्र दोन्ही ठिकाणी विचारण्याजोगा आहे, कारण निष्काळजीपणे गुंडाळलेली मोटर आधीपेक्षा अधिक वीज घेते. पट्टा सैल असणे, बेअरिंग कोरडे असणे आणि मैद्याची धूळ मोटरच्या पंख्यावर वा डीप फ्रीझरच्या मागील जाळीवर बसणे हे दोष फुकटात दूर होतात. फ्रीझर भट्टीच्या भिंतीला टेकवून ठेवलेला असल्यास तो हलवणे हे त्याच्या कोणत्याही दुरुस्तीपेक्षा आधी करावे.

वर्कशॉपमध्ये सर्वाधिक गळती हवेची असते. संध्याकाळी सर्व हत्यारे बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवून घड्याळ पाहावे : तो दोन मिनिटे चालून सहा मिनिटे थांबत असेल, तर त्याच्या क्षमतेचा चौथा हिस्सा नळ्यांच्या सांध्यांतून जात आहे. पाच अश्वशक्तीच्या कॉम्प्रेसरला आठ तासांत हे साधारण आठ युनिट होतात, आणि उपाय साबणाचे पाणी व नवे क्लॅम्प एवढाच असतो. दाब कामाला लागतो त्याहून एक बारने अधिक ठेवल्यास सहा ते सात टक्के वीज जास्त जाते. जुन्या वेल्डिंग ट्रान्सफॉर्मरचा दोष वेगळा : त्याचा शक्तिगुणांक, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण, अतिशय कमी असतो, आणि ज्यांचे बिल केव्हीएएच या एककावर येते त्यांना ०.८ शक्तिगुणांकावर पंचवीस टक्के अधिक युनिटे मोजावी लागतात. तिथे योग्य मापाचा कपॅसिटर किंवा इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्र लवकर वसूल होते. खामगावच्या चांदीच्या मुशीला भट्टीचाच नियम लागतो. तापलेल्या मुशीत एकामागून एक घाणे वितळवले तर दर किलोमागे इंधन घटते.

वीज गेल्यावर चालणाऱ्या जनित्राचा हिशेब बहुतेक ठिकाणी केला जात नाही. लहान डिझेल जनित्र एका लिटरमध्ये साधारण तीन युनिटे देते, म्हणजे युनिटचा नुसता इंधनखर्च तीस रुपयांच्या घरात जातो. त्यावर फिरणारा मिक्सर, बर्नरचा पंखा आणि एखादा दिवा एवढेच चालावे. विजेचा हीटर त्यावर चालवणे हा निव्वळ तोटा होय.

नवा ओव्हन घ्यायचाच असेल, तर २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये, असे कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवलेले होते; ती योजना अजून चालू आहे का, हे आधी पाहावे. अर्जापूर्वी निदान तीन महिने मैदा, लाकूड आणि मीटरचे आकडे रोज एका वहीत लिहून स्थिर इंधनाचा भाग काढावा, भट्टीवर राखेचा थर द्यावा, जाळ एक करून पाहावा, आणि त्यानंतर उरलेल्या खर्चावरच ओव्हनचा आकार ठरवावा.